मित्राच्या वाढदिवसाचं कॅप्शन : एक ओळ, गाऱ्हाणं की सगळी गोष्ट?

जिवलग मित्राचा वाढदिवस उद्यावर आला आहे. फोटो निवडून झाला आहे. त्याखाली असं काहीतरी लिहायचं आहे की वाचून तो आधी शिवी घालेल आणि मग फोन खिशात ठेवताना हसेल. हे दोन्ही एकाच मजकुरात कसं बसवायचं, इथे माणूस अडतो. गेल्या मे महिन्यात मीही मालवणात घराच्या पडवीत बसून असाच अडलो होतो. माझ्याकडे चार मसुदे झाले होते आणि त्यांपैकी कुठला कुठे टाकायचा, हे ठरवायला मला अख्खी संध्याकाळ लागली. ते मसुदे इथे शेजारी शेजारी ठेवतो. तुमचा मित्र वेगळा असेल, त्याची खोड वेगळी असेल, पण निवड बहुतेक याच चारांमध्ये करावी लागते.

आधी माझ्या मित्राबद्दल. तो पस्तीस वर्षांचा झाला. त्याची एक खोड अख्ख्या गावाला ठाऊक आहे. फोन केला की तो म्हणतो, "पाच मिनटात इलंय." तेव्हा तो बहुधा आंघोळीला जात असतो, कधी कधी अजून अंथरुणात असतो. मागून पाण्याची बादली भरल्याचा आवाज येतो आणि तरी तो ठामपणे "इलंय" म्हणतो. येतो म्हणत नाही, आलोय म्हणतो. आम्ही जेटीवर सरासरी दीड तास उभे असतो.

टोमणा मारायला मी हीच खोड का घेतली, हे आधी सांगायला हवं, कारण कॅप्शन चांगलं होणार की फसणार ते बरंचसं इथेच ठरतं. त्याला चिडवायला बाकी पुष्कळ होतं. डोक्यावरचे केस विरळ झालेत, पोट सुटलंय, दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या गाडीचे हप्ते अंगावर आहेत. या तिन्हींवर आम्ही समोरासमोर बोलतो आणि तो हसतोही. पण केस आणि पोट त्याच्या हातात नाहीत, आणि हप्त्यांचं त्याला रात्री झोपताना आठवतं. उशीर मात्र तो स्वतः करतो, त्याचे किस्से स्वतःच रंगवून सांगतो, आणि उद्यापासून वेळेवर यायचं ठरवलं तर येऊही शकतो. जी गोष्ट तो स्वतः चारचौघांत सांगतो तीच त्याच्या फोटोखाली लिहावी. बाकीच्या गोष्टी जेटीवर ठेवाव्यात.

हे मी चुकून शिकलो. काही वर्षांपूर्वी आमच्यातल्याच एका दुसऱ्या मित्राच्या फोटोखाली मी त्याच्या लग्नाच्या स्थळांवरून एक ओळ लिहिली. ओळ सौम्य होती, आजही मला तसंच वाटतं. पण तिच्याखाली पंधरा-वीस जणांनी आपापली भर घातली. कुणी कुठल्या गावची मुलगी नाही म्हणाली ते लिहिलं, कुणी त्याच्या पगारावर गेलं. मी माझी ओळ मोजून मापून लिहिली होती, पण खालच्या ओळींसाठी दार मीच उघडून दिलं होतं. त्याने रात्री फक्त "धन्यवाद" लिहिलं. आमच्याकडे मित्र मित्राला धन्यवाद म्हणाला की समजावं, लागलंय. शिवीला उलट शिवी आली तर सगळं ठीक असतं. हात जोडलेलं चित्र आलं, किंवा त्याने फोटोवरचा स्वतःचा टॅग काढून टाकला, तर दुसऱ्या दिवशी घरी जावं लागतं. मी गेलो, पण त्या वर्षी गणपतीच्या भजनाला तो माझ्या शेजारी बसला नाही.

कोकणात हे आपल्याला नवं नाही. शिमग्यात एकमेकांच्या नावाने बोंबा मारल्या जातात आणि कुणी मनाला लावून घेत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं की पालखी देवळात परतली की ते संपलं. वाढदिवसाच्या कॅप्शनला अशी परत जाणारी पालखी नसते. इन्स्टाग्रामवरची पोस्ट राहते. पुढच्या वर्षी त्याच्या मुलाच्या शाळेतली कुणी बाई ती वाचेल. म्हणून शिमग्याची मोकळीक घ्यावी, पण जो मजकूर वर्षभर भिंतीवर टांगलेला चालेल तेवढाच लिहावा.

पहिला मसुदा : एकच ओळ

सुरुवातीला मी असं लिहिलं होतं: "उशीर करण्यात ज्याचा हात कुणी धरणार नाही अशा माझ्या लाडक्या मित्राला वाढदिवसाच्या शुभेच्छा!" हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही उशीर करणाऱ्या माणसाखाली चालेल. त्यात तो कुठेच नाही. "लाडक्या" हा शब्द तर मी त्याला आयुष्यात वापरलेला नाही. प्रेम वेगळ्या शब्दाने चिकटवावं लागलं की समजावं, टोमण्यात प्रेम आलेलं नाही.

मग मी संध्याकाळचा बेत आठवला. केक सातला कापायचा होता आणि त्याला मी पाचची वेळ सांगितली होती. हे खरंच घडलं होतं. तेच लिहिलं:

> केक सात वाजता कापूचो हा, तुका पाच सांगितलेत. तरी तू इल्याशिवाय कोण कापूचो नाय. वाढदिवसाच्यो शुभेच्छा, मेल्या!

यात पहिलं वाक्य टोमणा आहे आणि दुसरं माया. दोन्ही एकाच केकवर उभी आहेत, त्यामुळे मध्ये सांधा दिसत नाही. तो येईपर्यंत आम्ही थांबणार, एवढंच सांगितलंय, पण पस्तीस वर्षांत आम्ही तेच केलंय.

या मसुद्याची ताकद म्हणजे तो पूर्ण वाचला जातो. इन्स्टाग्रामवर कॅप्शनला 2200 अक्षरांपर्यंत जागा असते, पण फोटो बघत बघत पुढे सरकणाऱ्याला त्यातली सुरुवातीची साधारण 125 अक्षरंच दिसतात आणि पुढे `more` येतं. त्यात काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षराचा पाय मोडणारं चिन्ह, सगळं वेगळं मोजलं जातं. "म्हाराजा" आपण तीन अक्षरी म्हणतो, मोबाइल त्याची आठ धरतो. म्हणजे मराठीत ही जागा दोन आटोपशीर वाक्यांची. वरची एक ओळ जवळजवळ तिथेच संपते. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला तर याहून लांब काही टाकण्यात अर्थ नाही. फोटो काही सेकंदांत पुढे सरकतो आणि चोवीस तासांनी स्टेटस जातं. तिथे सकाळी चहा पिता पिता अंगठ्याने ढकलत जाणारा माणूस वाचक असतो.

उणीव अशी की ज्यांना त्याची खोड ठाऊक नाही त्यांना अर्धीच गंमत कळते. त्याच्या सासरच्यांना ही नुसती वेळेची सूचना वाटेल. आणि "मेल्या" हा शब्द मालवणीत जितका गोड लागतो तितका घाटावर लागत नाही. आमच्याकडे आजी नातवाला कडेवर घेऊन "मेल्या" म्हणते. पुण्याच्या मावशीला मात्र वाढदिवसाच्या दिवशी कुणाला मेलेला म्हणणं कानाला बोचेल. तुमच्या मित्राचे बरेच नातेवाईक बाहेरचे असतील तर हा एक शब्द "रे बाबा" वर आणावा. माझ्या मित्राचं सगळं गोत वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंतचं, त्यामुळे मी तो ठेवला.

दुसरा मसुदा : गाऱ्हाणं

हा मला सर्वांत जास्त वेळ पुरला आणि सर्वांत जास्त आवडला.

आमच्या बाजूला देवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकजण "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात करतो, ज्याच्यासाठी घालायचं त्याचं काय हवं-नको ते मोठ्याने मागतो, आणि प्रत्येक मागणीला जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. त्यात माणसाच्या चुका उघडपणे देवाच्या कानावर घातल्या जातात. "काय चुकला माकला असात तर पदरात घे" हे तर प्रत्येक गाऱ्हाण्यात असतंच. म्हणजे चारचौघांत दोष सांगणं आणि लगेच त्याच्यासाठी चांगलं मागणं, हे दोन्ही या साच्यात आधीपासून आहे. आपल्याला फक्त मित्राची खोड त्यात घालायची असते.

पहिल्यांदा लिहिलेल्या गाऱ्हाण्याचा शेवट असा होता: "त्येका शंभर वर्सां आयुष्य दी, आणि वरसून बोलावणा इला तरी हो थय उशिराच पोचांदे म्हाराजा!" उशिराची खोड शेवटी आशीर्वाद होते, म्हणून मी खूश होतो. आईला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "त्येची आवस वाचतली. वरचा बोलावणा काढ."

तिचं बरोबर होतं. मला त्या ओळीत आयुष्य दिसत होतं, त्याच्या आईला बोलावणं दिसलं असतं. आणि "मेल्या" चालतं तर हे का नाही, असं मी स्वतःशी वाद घालून पाहिला. फरक असा की "मेल्या" ऐकताना कुणी त्याचा अर्थ करत नाही, तो शब्द झिजून गुळगुळीत झालाय. नवीन बांधलेल्या वाक्याचा मात्र वाचणारा अर्थ लावतो. मी ती ओळ काढली आणि तासाभराने तिच्या जागी दुसरी सुचली. शेवटचा मसुदा असा झाला:

> बा देवा म्हाराजा! ‘पाच मिनटात इलंय’ असा सांगून जो आमका दीड तास जेटीर उभे करता, त्येचो आज वाढदिवस हा म्हाराजा!
> — व्हय म्हाराजा!
>
> त्येका येक घड्याळ दी. घड्याळ असात, तर ता बघूची बुद्धी दी म्हाराजा!
> — व्हय म्हाराजा!
>
> कोंबडी-वड्याच्या पंगतीक मात्र हो पयलो कसो पोचता, ह्येचो काय तो उलगडो कर म्हाराजा!
> — व्हय म्हाराजा!
>
> आणि अपरात्री हाक मारली तर जो खरोखर पाच मिनटांच्या आधी दारात उभो रवता, त्येका उदंड आयुष्य दी. म्हातारपण त्येच्या दारात इला, तर त्येका पण हो दीड तास उभा करून ठेवांदे म्हाराजा!
> — व्हय म्हाराजा!

यात तीन गोष्टी जुळल्या आहेत, त्या तुमच्या गाऱ्हाण्यात जुळतात का ते बघा. सुरुवातीच्या वाक्यातच खोड येऊन जाते, त्यामुळे `more` च्या आधीच वाचणाऱ्याला हसू येतं आणि तो उघडून पुढचं वाचतो. "बा देवा म्हाराजा" लिहून लगेच ओळ सोडली असती आणि खोड खाली नेली असती, तर निम्म्यांनी पुढे पाहिलंच नसतं. दुसरं, उशिराला दोन अपवाद दिलेत. पहिला वड्यांचा, तो हसवतो. त्याच वाटेवरून दुसरा अपरात्रीचा येतो, आणि तिथे हसता हसता माणूस थांबतो. वड्यांची ओळ नसती तर अपरात्रीची ओळ अचानक अंगावर आली असती. तिसरं, शेवटी मागितलेलं मागणं त्याच्या खोडीतूनच आलं. दीड तास जेटीवरून उचलून म्हातारपणाच्या दारात ठेवला.

शिवाय यात एक सोय आहे जी एका ओळीत नाही. "व्हय म्हाराजा" ही वाचणाऱ्याची जागा आहे. आमच्या मुंबईच्या चाकरमान्यांना काय लिहावं हा प्रश्नच पडला नाही, सगळ्यांनी खाली तेच लिहिलं. स्थळांच्या ओळीखाली जी भर पडली होती, तशी इथे पडायला वावच नव्हता. लोकांना बोलायला एक शब्द तयार दिला की ते बहुधा तोच बोलतात.

अजून एक. हे सगळं प्रेम मी त्याच्याशी बोलतच नाही, देवाशी बोलतो. आमच्यातल्या पुरुषांना तोंडावर कौतुक झालं की कुठे बघावं ते कळत नाही. गाऱ्हाणं घालताना ज्याच्यासाठी घातलं तो नुसता हात जोडून खाली बघत उभा राहतो, त्याला उत्तर द्यावं लागत नाही. इथेही त्याला तेवढीच सवड मिळते.

मर्यादाही सांगतो. गाऱ्हाणं हा देवळातला प्रकार आहे. गावच्या देवाचं नाव घेऊन मी लिहिलं नाही, मोघम "बा देवा" वरच थांबलो. दारू, शिव्या, पोरीबाळी यांतलं काही त्यात आणलं नाही. एका ओळखीच्याने ग्रामदेवतेच्या नावाने बाटली मागितली होती, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ते खरंच लागलं. मागण्या चारच्या वर नेऊ नयेत, पाचवीला वाचणारा थकतो. आणि ज्याच्या मित्रमंडळात मालवणी वाचणारे थोडे असतील, त्याने हा नाद करू नये. प्रमाण मराठीत गाऱ्हाणं लिहिलं की ते कागदी अर्ज होतं.

तिसरा मसुदा : सगळी गोष्ट

वरच्या गाऱ्हाण्यातली अपरात्रीची ओळ कुठून आली, ते या मसुद्यात आहे.

> हा माणूस माझ्या लग्नात अक्षता पडून गेल्यावर पोचला. आंब्याच्या पेट्या भरायला बोलावलं, तर पेट्या टेम्पोत चढल्यावर पोचला. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी शेवटची होडी सुटल्यावर जेटीवर पोचला आणि होडीवाल्याला हात करत उभा राहिला.
>
> गेल्या श्रावणात रात्री दोन वाजता बाबांच्या छातीत दुखायला लागलं. बाहेर धो धो पाऊस. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, “पाच मिनटात इलंय.”
>
> तो चार मिनिटांत आला. गाडीतून उतरला तेव्हा एका पायात त्याची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात वहिनीची.
>
> वाढदिवसाच्या शुभेच्छा, मेल्या. बाकी सगळीकडे उशिराच ये.

लिहून झाल्यावर हे मला चारांतलं सर्वांत खरं वाटलं. इथे टोमणा आधी तीनदा येतो, प्रत्येक वेळी "पोचला" म्हणतो, आणि चौथ्या वेळी "आला" होतं. प्रेमाचा शब्द एकही नाही. ते काम चपलांनी केलं. असं लिहायचं असेल तर अशी एक तरी वस्तू हवी, जी तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. "तू माझ्या वाईट काळात उभा राहिलास" हे कुणीही कुणालाही लिहू शकतं. दोन पायांत दोन वेगळ्या चपला त्या रात्री फक्त मी पाहिल्या.

तरीही मी हे सर्वांसमोर टाकलं नाही. एक तर यात बाबांचं दुखणं आहे. ते आता बरे आहेत, बाजारात जातात, आणि दोनशे माणसांनी "आता कशी तब्येत" विचारलेलं त्यांना आवडणार नाही. ती गोष्ट सांगायचा हक्क त्यांचा. दुसरं, वाढदिवस त्याचा असताना हे वाचून लोकांचं लक्ष माझ्या घरावर आलं असतं. खाली त्याला शुभेच्छा कमी आणि बाबांना काळजी जास्त आली असती. लांब कॅप्शन लिहिताना हा घोटाळा फार होतो. आपण त्याच्याबद्दल सुरुवात करतो आणि अर्ध्यावर आपल्याच कृतज्ञतेची गोष्ट सांगायला लागतो. ओळखायचं कसं, तर मजकुरात "मी", "मला", "माझ्या" किती वेळा आलं ते मोजावं. "तो" पेक्षा ते जास्त झालं, तर ते पत्र आहे. पत्र पत्रासारखं त्याच्याच हातात द्यावं.

चौथा : तयार मिळणारा

"वरून काटेरी, आतून गोड, फणसासारखा माझा कोकणी मित्र." हे मला तीन जणांनी सुचवलं. फणस खरा आहे, उपमाही पूर्वी कधी खरी होती, पण आता ती प्रत्येक कोकणी माणसाला लावून झाली आहे. माझा मित्र वरूनही काटेरी नाही. तो वरून आतून एकसारखा आहे, फक्त उशिरा येतो. वेळ अजिबात नसेल, आणि मित्र नुकताच ओळखीचा झालेला असेल, तर हे चालेल. जिवलगाला नाही.

फोटो कुठला, यावर मसुदा बदलतो

हे मी शेवटी पाहिलं, खरं तर आधी पाहायला हवं होतं. माझ्याकडे दोन फोटो होते. एकात तो चिवला किनाऱ्यावर सूर्य मावळताना उभा, शर्ट इस्त्रीचा, काळा चष्मा, समुद्राकडे बघतोय. दुसऱ्यात एका लग्नाच्या पंगतीत, तोंडात अख्खा वडा, गाल फुगलेले, डोळे अर्धे मिटलेले.

पहिल्यांदा मी गाऱ्हाण्याखाली वड्याचा फोटो लावून पाहिला. दोन्ही हसत होते आणि कुणाचंच ऐकू येत नव्हतं. फोटोनेच टोमणा मारला असेल, तर खालच्या शब्दांनी पुन्हा मारू नये. त्यातून चेष्टा दुप्पट होते आणि माणूस बिचारा वाटायला लागतो. किनाऱ्यावरचा रुबाबदार फोटो लावला, तेव्हा गाऱ्हाणं जागेवर बसलं. वर एक हिरो उभा आहे आणि खाली त्याच्यासाठी घड्याळ मागितलं जातंय. शिवाय तो फोटो त्याने स्वतः मला पाठवला होता. वाढदिवसाला माणसाचा देखणा फोटोच जगासमोर जावा, शब्दांनी कितीही ओढलं तरी.

वड्याच्या फोटोखाली उलटं लागतं. तिथे शब्द मऊ हवेत. मी ते असं लिहून ठेवलंय, कधीतरी लागेल म्हणून: "ह्येच्या ताटातलो शेवटचो वडो मागितलो, तर हो देता. माका म्हायती हा, मी मागलंय." फोटोत त्याचं खाणं दिसतं, शब्दांत त्याचं देणं.

मी काय केलं

व्हॉट्सॲप स्टेटसला सकाळी एक ओळ गेली, केकच्या वेळेची. इन्स्टाग्रामवर किनाऱ्याच्या फोटोखाली गाऱ्हाणं. आणि सगळी गोष्ट, ती चपलांची, रात्री बारा वाजता फक्त त्याला पाठवली.

तुमच्या मित्राची खोड सगळ्यांना ठाऊक असेल आणि मंडळी आपल्याच भाषेतली असतील, तर गाऱ्हाण्यावर वेळ घाला, तो वाया जात नाही. वाचणारे पाच गावचे, पाच शहरांचे असतील, तर एक ओळ पुरे, पण ती आजच्या दिवसाची हवी, केकची, होडीची, टेम्पोची. आणि ज्या रात्रीमुळे तो तुमचा जिवलग झाला, ती रात्र त्यालाच पाठवा.

बाराला पाठवलेलं त्याने वाचलं ते कळलं, निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. मी बराच वेळ जागा होतो. एक वाजून वीस मिनिटांनी आलं:

"ती चप्पल बायलेची नाय, आवशीची होती."

मी वर जाऊन माझा मसुदा उघडला आणि वहिनीच्या जागी काकींची केली.